घरटी, ढोल्या आणि दुर्मीळ झाडांच्या फोटोतलं लोकेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निसर्गनिरीक्षणाच्या गटांमध्ये पावसाळा सुरू झाला की कंदीलपुष्पांचे, आमरींचे फोटो येऊ लागतात, हिवाळ्यात पिंगळ्यांच्या ढोल्यांचे. त्यासोबत फोटोतल्या लोकेशनबद्दलचे तेच ते प्रश्नही येतात. ते इथे एकत्र केले आहेत. पहिले दोन-तीन अगदी प्राथमिक आहेत. ज्यांना ते माहीत आहे त्यांनी थेट प्रश्न ७ पासून वाचायला हरकत नाही.

१. फोटोत लोकेशन असतं म्हणजे नक्की कुठे असतं? मला तर फोटोवर काहीच दिसत नाही.

फोटोच्या फाइलमध्ये चित्राच्या जोडीला एक नोंदवही असते. कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, वेळ, शटरचा वेग अशा गोष्टी तिच्यात लिहिलेल्या असतात. या नोंदींना एक्झिफ म्हणतात. फोनच्या कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल, तर त्यात अक्षांश आणि रेखांशही लिहिले जातात. बहुतेक वेळा समुद्रसपाटीपासूनची उंचीही असते. काही फोन कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं तेही लिहितात. चित्र पाहताना यातलं काहीच दिसत नाही, पण फाइल ज्याच्या हाती जाईल त्याला ते वाचता येतं. त्यासाठी कुठलीही हॅकिंगची विद्या लागत नाही.

२. पण एका झाडाचं किंवा ढोलीचं लोकेशन बाहेर गेलं तर एवढं काय बिघडतं?

फुलपाखराच्या फोटोत बहुधा काहीच बिघडत नाही. जो जीव किंवा जी वनस्पती जागेवरून हलत नाही, किंवा रोज त्याच जागी परत येते, तिथे प्रश्न येतो. कंदीलपुष्पाच्या काही जाती सह्याद्रीत अगदी मोजक्या कातळांवर उरल्या आहेत आणि त्यांचे कंद उकरले जातात. मांडुळाचा आणि खवले मांजराचा चोरटा व्यापार महाराष्ट्रात वारंवार उघडकीस येतो. दिवाळीच्या सुमाराला अंधश्रद्धेपायी घुबडं पकडली जातात, आणि पिंगळ्याची जोडी एक ढोली सहसा सहजासहजी सोडत नाही. चोराची गोष्ट बाजूला ठेवली तरी घरट्यावर दर रविवारी वीस छायाचित्रकार जमले, तर पक्षी पिलं टाकून जाऊ शकतात.

फोटोतल्या नोंदीवरून जागा उघडी पडल्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण माणसाचं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सॉफ्टवेअर उद्योजक जॉन मॅकॅफी बेलीझच्या पोलिसांना चुकवत लपून होता. व्हाइस या नियतकालिकाने त्याच्यासोबतचा एक आयफोनवरचा फोटो आपल्या संकेतस्थळावर टाकला. अक्षांश-रेखांश फाइलमध्ये तसेच राहिले होते. वाचकांनी ते पाहिले आणि तो ग्वाटेमालात आहे हे जगाला कळलं. त्याला लपवण्यासाठी घेतलेली सगळी काळजी त्या एका फाइलने वाया घालवली. ढोलीतल्या पिंगळ्याला तर दुसऱ्या देशात जायचीही सोय नाही.

३. माझ्या फोटोत लोकेशन आहे की नाही, हे फोनवरच कसं बघू?

आयफोनवर फोटो उघडून वर सरकवा, किंवा खालच्या ⓘ खुणेवर बोट ठेवा. लोकेशन असेल तर छोटा नकाशा दिसतो. अँड्रॉइडवर गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की तपशील आणि नकाशा येतो. एक सावधगिरी मात्र हवी. गुगल फोटोजमधला नकाशा काही वेळा फोटोच्या फाइलमधून नव्हे, तर गुगलने स्वतः बांधलेल्या अंदाजातून येतो. म्हणून नकाशा दिसला याचा अर्थ फाइलमध्ये लोकेशन आहेच असा नाही. शंका उरली तर संगणकावर पाहा, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

४. फोन एवढी अचूक जागा लिहितो का? माझा फोटो तर नकाशावर दरीच्या पलीकडे दिसतो.

उघड्या माळावर, आकाश मोकळं असताना फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतं. पाच मीटर म्हणजे कुठलं झाड हे कळायला पुरेसं आहे. दाट झाडीत किंवा कड्याच्या पायथ्याशी चूक पन्नास-शंभर मीटरपर्यंत जाऊ शकते. कॅमेरा उघडल्या उघडल्या घाईने फोटो काढला, तर आधीच्या ठिकाणाचं जुनं लोकेशनही चिकटतं. तुमचा दरीपलीकडचा फोटो असाच असणार.

पण त्यावर विसंबू नका. एक फोटो चुकला तरी त्याच ढोलीचे दहा फोटो एकत्र पाहिले की त्यातला दाट पुंजका बरोबर जागेवर पडतो. शिवाय लांबून काढलेल्या फोटोत लोकेशन तुम्ही उभे होता तिथलं असतं, पक्ष्याचं नाही, हा दिलासाही अपुरा आहे. प्रश्न १ मध्ये सांगितलेली दिशा नोंदलेली असेल, तर तुमच्या जागेपासून त्या दिशेने सरळ रेष ओढली की ढोली त्या रेषेवर सापडते.

५. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की त्यातलं लोकेशन आपोआप निघून जातं ना?

नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला तर हो, निघून जातं. व्हॉट्सॲप फोटो नव्याने दाबून लहान करतं आणि त्यात मूळ नोंदी उरत नाहीत. पण ‘फोटोचा दर्जा घसरतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आपल्या गटांत सर्रास सांगितलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी जाते आणि लोकेशनही सोबत जातं. टेलिग्राममध्येही फोटो आणि फाइल यांत हाच फरक आहे. ईमेलला जोडलेला किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवलेला फोटोही मूळ स्वरूपातच राहतो.

स्पर्धेसाठी, दिनदर्शिकेसाठी, मासिकासाठी आपण नेमके मूळ फोटो मागतो. त्यामुळे सर्वांत जास्त गळती इथे होते, गटातल्या गप्पांतून नाही. दर्जा हवाच असेल तर आधी लोकेशन काढा आणि मग डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

६. फेसबुक, इन्स्टाग्राम लोकेशन काढून टाकतात म्हणे. मग काळजी कशाला?

इतरांना दिसणाऱ्या फोटोतून ते काढलं जातं, हे खरं. पण अपलोड केलेली मूळ फाइल त्या कंपनीकडे जाते आणि तिला ती वाचता येते. तुम्ही स्वतः जोडलेलं ठिकाणाचं नाव तर सगळ्यांना दिसतंच. सगळी संकेतस्थळं लोकेशन असं काढतही नाहीत. फ्लिकरवर तुमच्या सेटिंगनुसार एक्झिफ आणि नकाशा लोकांना दिसू शकतो, आणि छायाचित्रकार तिथेच मूळ आकाराचे फोटो ठेवतात. एखाद्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर चढवलेल्या फोटोतही नोंदी राहिलेल्या असू शकतात. मॅकॅफीच्या फोटोत झालं ते हेच. म्हणून दुसऱ्याच्या यंत्रणेवर भरवसा न ठेवता फाइल आपल्याकडेच साफ करावी, असं माझं ठाम मत आहे.

७. मग काढायचं कसं? सोपी पद्धत सांगा.

एक नियम आधी ठरवा: मूळ फोटोला हात लावायचा नाही, शेअर करायच्या प्रतीतून लोकेशन काढायचं. मूळ नोंद का जपायची ते प्रश्न १३ मध्ये आहे.

आयफोनवर शेअर करताना वरच्या बाजूला `Options` दिसतं. त्यात `Location` बंद करा आणि मग पाठवा. मूळ फोटो तसाच राहतो. अँड्रॉइडवर स्क्रॅम्बल्ड एक्झिफ हे मोफत, खुल्या स्रोताचं ॲप आहे. फोटो त्या ॲपला शेअर करायचा, ते नोंदी काढून पुढे पाठवायची खिडकी उघडतं. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून `Properties`, मग `Details`, आणि तळाशी `Remove Properties and Personal Information`. तिथे नवी प्रत बनवण्याचा पर्याय निवडा. मॅकवर प्रिव्ह्यूमध्ये आधी फाइलची प्रत करा, मग `Tools`, `Show Inspector`, आणि ⓘ खाली जीपीएसच्या भागात `Remove Location Info`.

सहलीचे चारशे फोटो असतील तर एक्झिफटूल या मोफत साधनाला तोड नाही. ते काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवावं लागतं, पण दोनच आज्ञा लक्षात ठेवायच्या आहेत. पहिली पाहण्याची:

```
exiftool -a -G1 "-gps*" photo.jpg
```

सिंहगडाच्या माथ्यावर काढलेल्या फोटोत उत्तर साधारण असं येईल. इतर ओळी गाळल्या आहेत.

```
[GPS]  GPS Latitude Ref   : North
[GPS]  GPS Latitude       : 18 deg 21' 56.00"
[GPS]  GPS Longitude Ref  : East
[GPS]  GPS Longitude      : 73 deg 45' 19.00"
```

हे आकडे अंश, मिनिटं आणि सेकंद अशा रूपात आहेत. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशात मिळवलं की १८.३६५५६ आणि ७३.७५५२८ असे दशांश मिळतात. ते नकाशाच्या शोधपट्टीत टाकले की खूण थेट गडावर पडते. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. यावरून सेकंदांपर्यंतची नोंद किती जवळ नेते याचा अंदाज येईल.

दुसरी आज्ञा काढण्याची:

```
exiftool -o clean/ "-gps*=" *.jpg
```

यात मूळ फोटो जागेवर राहतात आणि लोकेशन नसलेल्या प्रती `clean` नावाच्या फोल्डरमध्ये तयार होतात. `-o` न लिहिता आज्ञा दिली, तर फोटो जागीच बदलतो आणि शेजारी `photo.jpg_original` अशी जुनी प्रत उरते. तिच्यात लोकेशन शाबूत असतं. अख्खं फोल्डर झिप करून पाठवणाऱ्यांच्या हातून या जुन्या प्रती हमखास निघून जातात.

८. फक्त जीपीएस काढावं की सगळ्याच नोंदी?

बहुतेकांना फक्त जीपीएस काढणं पुरतं. शटर, छिद्र, आयएसओ हे शिकणाऱ्यांच्या उपयोगाचं असतं, आणि छायाचित्रकाराचं नाव व हक्कही त्याच नोंदींत राहतात. पण तुम्ही संगणकावर फोटोला मथळा किंवा कीवर्ड दिले असतील, तर ते जीपीएसच्या कप्प्यात नसतात. ‘गावदेवीच्या मागची आमराई’ असा कीवर्ड जीपीएस पुसल्यावरही तसाच राहतो. अतिसंवेदनशील जागेसाठी सगळंच काढावं:

```
exiftool -o clean/ -all= --icc_profile:all -tagsfromfile @ -orientation photo.jpg
```

शेवटचा भाग फोटो उभा की आडवा ही नोंद परत घालतो, आणि मधला रंगांची नोंद राखतो. ते सोडलं तर उभे फोटो आडवे पडतात, रंग फिके दिसतात, आणि लोकांना वाटतं फाइल बिघडली.

९. माझा तर डीएसएलआर आहे, त्यात जीपीएसच नाही. मला काय फरक पडतो?

कॅमेरा ब्लूटूथने फोनच्या ॲपला जोडलेला असेल तर पडतो. निकॉनचं स्नॅपब्रिज किंवा कॅननचं कॅमेरा कनेक्ट फोनचं लोकेशन कॅमेऱ्याला पुरवू शकतं, आणि ते फोटोत लिहिलं जातं. हा पर्याय जोडणी करताना एकदाच चालू केला जातो आणि मग विसरला जातो. लाइटरूम वापरत असाल तर निर्यात करताना नोंदींच्या भागात `Remove Location Info` वर खूण करा. रॉ फाइलसोबत बनणारी `.xmp` फाइल कुणाला देऊ नका, कारण लोकेशन तिच्यातही असू शकतं.

१०. मी ॲपमध्ये तपासलं, लोकेशन रिकामं होतं. तोच फोटो मित्राने संगणकावर उघडला तर त्याला दिसलं. असं कसं?

हा प्रश्न अँड्रॉइडवाल्यांचा असतो. अँड्रॉइड १० पासून फोटोतलं लोकेशन वाचायला ॲपला वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर फोन त्या ॲपला लोकेशन पुसलेली प्रत दाखवतो, आणि ॲप प्रामाणिकपणे ‘लोकेशन नाही’ असं सांगतं. फाइल मात्र जशी होती तशीच असते. तुम्ही केबलने ती संगणकावर नेली की सगळं दिसतं. याच कारणाने एका मार्गाने पाठवलेल्या फोटोत लोकेशन जातं आणि दुसऱ्या मार्गाने जात नाही.

यावर उपाय एकच: जी फाइल प्रत्यक्ष समोरच्याला मिळणार आहे ती तपासा. स्वतःच्याच दुसऱ्या ईमेलवर पाठवा, संगणकावर उतरवा, आणि प्रश्न ७ मधली पहिली आज्ञा चालवा. उत्तरात एकही ओळ आली नाही म्हणजे फाइल साफ आहे.

११. स्क्रीनशॉट काढून पाठवला तर चालेल? आणि क्रॉप केला तर?

स्क्रीनशॉट ही नवीच फाइल असते, तिच्यात मूळ फोटोचं लोकेशन येत नाही. दर्जा घसरतो, पण घाईत हा उपाय चांगला आहे. स्क्रीनवर नकाशा किंवा ठिकाणाचं नाव उघडं नाही ना, एवढं बघा.

क्रॉप केल्याने मात्र लोकेशन जात नाही. उलट एक वेगळाच धोका आहे. फाइलमध्ये फोटोची एक छोटी प्रतही दडलेली असते, आणि काही संपादन ॲप मोठं चित्र कापतात पण ही छोटी प्रत जुनीच ठेवतात. तुम्ही कापून टाकलेली मैलाच्या दगडावरची पाटी तिच्यात दिसू शकते. अशा वेळी प्रश्न ८ मधली सगळं काढणारी आज्ञा वापरा.

१२. आमच्या गणनेचे फोटो जीपीएस कॅमेरा ॲपने काढतात. खाली पत्ता आणि अक्षांश छापून येतात. ते कसे काढायचे?

ते नोंदींत नाहीत, चित्रातच छापलेले आहेत. प्रश्न ७ मधल्या कुठल्याही उपायाने ते जात नाहीत. तेवढी पट्टी क्रॉप करावी लागते, आणि मग नोंदीही वेगळ्या काढाव्या लागतात, कारण बऱ्याचदा दोन्हीकडे लोकेशन असतं. पट्टीवर ॲपमधलं धुरकट ब्रश फिरवू नका. अंधूक केलेले आकडे कधी कधी वाचता येतात. पट्टी कापा, किंवा तिच्यावर गडद, भरीव चौकट टाका. गणनेच्या गटासाठी वेगळं आणि लोकांना दाखवायला वेगळं असे दोन फोटो जागेवरच काढले, तर हा सगळा त्रास वाचतो.

१३. मग लोकेशन कॅमेऱ्यातच कायमचं बंद करून टाकू का?

घरचे, मुलांचे फोटो काढणाऱ्या फोनवर बंद ठेवलं तरी हरकत नाही. आयफोनवर `Privacy & Security`, `Location Services`, `Camera` इथे ते मिळतं. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये असतं. निरीक्षकाने मात्र बंद करू नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे. दहा वर्षांपूर्वी एखादी आमरी नेमकी कुठल्या सड्यावर होती हे सांगणारी नोंद फक्त तुमच्या मूळ फोटोत असते. सडा खाणीत गेला तर तीच नोंद पुरावा ठरते. वन विभागाला शिकारीची किंवा वृक्षतोडीची खबर देतानाही लोकेशनसह मूळ फोटोच द्या. ई-पीक पाहणी, घरकुल अशा सरकारी कामांत तर लोकेशन हाच फोटोचा उद्देश असतो, तिथे काढून चालत नाही.

आयनॅचरलिस्टवर नोंद करायची असेल तर लोकेशन द्या, पण `Obscured` निवडा. तेव्हा लोकांना खरी जागा न दिसता ०.२ अंशाच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटर बाजूच्या चौकोनातला कुठलाही एक बिंदू दिसतो. संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या अनेक जातींना हे आपोआप लागू होतं. वर्णनात गावाचं आणि देवळाचं नाव लिहिलंत, तर या सोयीचा काही उपयोग उरत नाही.

१४. व्हिडिओचं काय? एक्झिफ तर फक्त फोटोत असतं ना?

फोनच्या व्हिडिओतही लोकेशन असतं, फक्त ते वेगळ्या कप्प्यात लिहिलेलं असतं. आयफोनच्या लाइव्ह फोटोसोबतचा छोटा व्हिडिओ आणि काही अँड्रॉइड फोटोंच्या पोटात दडलेला व्हिडिओ हेही त्यात येतात. त्यामुळे संवेदनशील जागी साधे, न हलणारेच फोटो काढावेत. व्हिडिओ साफ करायला एफएफएमपेग वापरतात:

```
ffmpeg -i in.mp4 -map_metadata -1 -sn -c copy out.mp4
```

यात चित्र आणि आवाज पुन्हा दाबले जात नाहीत, म्हणून दर्जा तसाच राहतो. `-sn` मुळे उपशीर्षकं वगळली जातात. ड्रोनच्या काही चित्रफितींत प्रत्येक क्षणाचं लोकेशन उपशीर्षकातच असतं, म्हणून ते गरजेचं आहे. ड्रोनची शेजारची `.SRT` फाइलही पाठवू नका. शेवटी `exiftool -ee out.mp4` चालवून खात्री करा.

१५. लोकेशन पूर्ण काढलं होतं, तरी लोक त्या जागी पोचले. हे कसं झालं?

बहुतेक वेळा पार्श्वभूमीमुळे. ढोलीमागे डोंगराची सोंड, मोबाइलचा मनोरा, शाळेची भिंत दिसत असेल तर स्थानिक माणूस क्षणात ओळखतो. विजेच्या खांबावरचा क्रमांकही जागा सांगतो. दुसरं कारण म्हणजे त्याच दिवसाचे बाकीचे फोटो. सकाळी सात वाजता घाटातल्या टपरीवरचा चहा लोकेशनसह टाकला आणि साडेसातला ढोलीचा फोटो लोकेशनशिवाय, तर अर्ध्या तासाच्या अंतरात शोधायला फारशी जागा उरत नाही. म्हणून अशा दिवशीचे सगळेच फोटो साफ करा, आणि ढोलीचा फोटो पिलं उडून गेल्यावर, महिन्या-दोन महिन्यांनी टाका.

१६. मी लोकेशनसह फोटो आधीच टाकून बसलोय. आता?

लगेच काढा, आणि साफ केलेली प्रत हवी असेल तर नव्याने चढवा. नुसती सेटिंग बदलून चालेल असं धरू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं असेल तर सगळ्यांसाठी डिलीट करा, पण ज्यांनी ते उतरवून घेतलं त्यांच्याकडे फाइल राहतेच, म्हणून गटात सांगून त्यांनाही काढायला लावा. ड्राइव्हचा दुवा असेल तर दुवा बंद करा. मासिकाला किंवा स्पर्धेला पाठवलं असेल तर आयोजकांना साफ प्रत पाठवून जुनी बदलायला सांगा. जागा घुबडाच्या ढोलीची, मांडुळाची किंवा खवले मांजराच्या बिळाची असेल, तर तिथल्या वनरक्षकाला किंवा वनपालाला फोन करून जागा उघडी पडल्याचं कळवा, म्हणजे पुढचे काही आठवडे त्यांची गस्त त्या बाजूने होऊ शकेल.